‘तुम्ही चोर आहात’ ते ‘२८ मार्चपर्यंत पैसे परत करावेत’: ऑनलाइन विक्रेत्याला तक्रारीचा ईमेल कसा लिहायचा?

ऑनलाइन मागवलेली वस्तू चुकीची निघते. परत न्यायला माणूस येतो आणि न घेताच जातो. कस्टमर केअरला तीनदा फोन होतो आणि तीन वेगळी उत्तरं मिळतात. मग रात्री अकरा वाजता मोबाईल हातात घेऊन जो ईमेल लिहिला जातो, तो साधारण असा असतो:

> विषय: फसवणूक!!!!
>
> तुम्हाला लाज वाटायला हवी. तुम्ही सरळ सरळ चोर आहात. साडेसातशे वॅटचा मिक्सर दाखवता आणि पाचशेचा गळ्यात मारता, वर एक भांडंही कमी. तुमचा माणूस दोनदा घरी आला आणि हात हलवत परत गेला. तीनदा फोन केला, दर वेळी नवा माणूस आणि नवी कहाणी. कस्टमर केअरमध्ये सगळे बिनडोक भरलेत का? आईच्या पासष्टीसाठी मिक्सर घेतला होता, सगळ्या पाहुण्यांसमोर माझी शोभा झाली. आजच्या आज पैसे परत करा, नाहीतर कोर्टात खेचीन. फेसबुकवर अशी बदनामी करीन की दुकान बंद करावं लागेल. तुमच्यासारख्यांना जेलमध्येच टाकलं पाहिजे.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण असे प्रकार नेहमी घडतात. समजा, नाशिकमधल्या एका महिलेने ३ मार्चला एका शॉपिंग ॲपवरून ३,४९९ रुपयांचा मिक्सर मागवला. ७ मार्चला पार्सल आलं. मिक्सर ७५० वॅटचा आणि तीन भांड्यांचा हवा होता, आला ५०० वॅटचा आणि दोन भांड्यांचा. तिचा राग योग्यच आहे. तरीही हा ईमेल जसाच्या तसा गेला तर पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होते. असं का होतं आणि याच मजकुरातून कामाचा ईमेल कसा तयार होतो, ते पाहूया.

समोरचा माणूस काय वाचतो?

कंपनीच्या तक्रार विभागातला कर्मचारी दिवसभरात अशा कितीतरी तक्रारी हाताळतो. ईमेल उघडल्यावर त्याला तीन गोष्टी हव्या असतात: ऑर्डर कोणती, चूक काय झाली आणि ग्राहकाला नेमकं काय हवं आहे. वरच्या ईमेलमध्ये ऑर्डर क्रमांक नाही. तारीख नाही. किती रुपये, कुठे परत हवेत, तेही नाही. त्यामुळे सगळ्यात सोपं उत्तर परत येतं: ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया ऑर्डर क्रमांक कळवा.’ दोन दिवस गेले आणि गाडी जिथल्या तिथे.

यापेक्षा मोठी अडचण या ईमेलच्या एका वाक्यात दडली आहे. ‘तुमचा माणूस दोनदा घरी आला आणि हात हलवत परत गेला.’ तो का परत गेला? परत न्यायला येणाऱ्या माणसाच्या मोबाईलवर मूळ ऑर्डरची माहिती असते: ७५० वॅट, तीन भांडी. त्याच्यासमोर ठेवलेली वस्तू असते ५०० वॅट, दोन भांडी. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून तो नोंद करतो, ‘वस्तू ऑर्डरशी जुळत नाही’, आणि परतावा रद्द होतो.

म्हणजे विक्रेत्याने चुकीची वस्तू पाठवली, आणि चुकीची वस्तू आहे याच कारणाने ती परत घेतली गेली नाही. शिवाय कंपनीच्या नोंदीत आता असं दिसतं की ग्राहकच भलतीच वस्तू परत देऊ पाहतोय. कंपनीच्या नजरेत संशय ग्राहकावर आहे. अशा वेळी ‘तुम्ही चोर आहात’ असं लिहून संशय दूर होत नाही. तो दूर करायला तारखा आणि फोटो लागतात.

आधी मजकूर निवडून घ्या

रागात लिहिलेला मजकूर लगेच पुसून टाकू नका. त्यात कामाचा बराच माल असतो. फक्त ईमेलमध्ये ‘प्रति’ची जागा रिकामी ठेवा, म्हणजे चुकून पाठवला जाणार नाही. मग एकेक वाक्य घेऊन एकच प्रश्न विचारा: हे वाक्य तपासता येईल का?

‘साडेसातशेचा दाखवून पाचशेचा गळ्यात मारता’ हे तपासता येतं. मिक्सरच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला वॅट लिहिलेलं लेबल असतं. बिलावर किंवा ॲपमधल्या ऑर्डरच्या पानावर मॉडेलची माहिती असते. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले की वेगळं काही सांगायला लागत नाही. म्हणून वाक्य असं होतं: ‘ऑर्डर ७५० वॅट आणि तीन भांड्यांच्या मिक्सरची होती. पार्सलमध्ये ५०० वॅटचा मिक्सर आणि दोन भांडी आली.’ ‘गळ्यात मारता’ हा आरोप यात नाही, पण चूक कोणाची हे लगेच कळतं. मुद्दाम केलं की गोदामात डबा बदलला गेला, हे ग्राहकाला माहीत नसतं आणि ते सिद्ध करायची त्याला गरजही नसते.

‘दर वेळी नवा माणूस आणि नवी कहाणी’ हेही तपासता येतं, पण तारखा घातल्यावर. मोबाईलमधल्या कॉलच्या यादीत त्या मिळतात. ११ मार्चला सांगितलं गेलं की पुन्हा पिकअप होईल. १४ मार्चला सांगितलं, विनंती रद्द झाली आहे, नवीन टाका. १७ मार्चला सांगितलं, मुदत संपली. या तीन ओळी एकाखाली एक ठेवल्या की ‘बिनडोक’ हा शब्द लिहायची गरजच उरत नाही.

‘चोर’, ‘बिनडोक’ आणि ‘लाज वाटायला हवी’ ही वाक्यं तपासता येत नाहीत, म्हणून ती काढायची. शिवाय जो कर्मचारी ती वाचतो, त्याने मिक्सर पॅक केलेला नसतो. तक्रार पुढे वरिष्ठांकडे न्यायची की नाही, हे मात्र अनेकदा त्याच्याच हातात असतं.

राहता राहिलं आईच्या पासष्टीचं वाक्य. ते काढू नका, बदला. ‘माझी शोभा झाली’ यावर कंपनी काही करू शकत नाही. पण ‘मिक्सर १२ मार्चच्या घरगुती कार्यक्रमासाठी घेतला होता, तो दिवस गेला, म्हणून आता बदली वस्तू नको, पैसे परत हवेत’ हे ठोस कारण आहे. मनाला लागलेली गोष्ट अशी मागणीचं कारण म्हणून आली, तर समोरच्याला ती खोडून काढणं अवघड जातं.

धमकी की पुढचं पाऊल?

मूळ ईमेलमध्ये तीन धमक्या आहेत: कोर्ट, फेसबुक आणि जेल. वाचणाऱ्याला या तिन्हींमधून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे लिहिणाऱ्याला नेमकं कुठे जायचं हे ठाऊक नाही. खरा वचक बसतो तो नियम आणि पुढची पायरी नेमकी सांगितली की.

भारतात यासाठी ‘ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०’ आहेत. त्यातल्या तीन तरतुदी या ईमेलपुरत्या पुरेशा आहेत.

पहिली तरतूद अशी की जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारी, सदोष किंवा बनावट वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ७५० ऐवजी ५०० वॅट हे यात थेट बसतं.

दुसरी, प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क आपल्या वेबसाइटवर किंवा ॲपवर द्यायला हवा. बऱ्याचदा हे पान अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतं. ईमेल त्या पत्त्यावर पाठवायचा. बिलावर विक्रेत्याचा वेगळा पत्ता असेल तर तोही जोडायचा, कारण ॲप चालवणारी कंपनी आणि माल विकणारा दुकानदार हे अनेकदा वेगळे असतात आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. दोघांना एकच ईमेल गेला की तो मार्ग बंद होतो.

तिसरी, या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात ती सोडवायची. इथे एक चूक हमखास होते. लोक लिहितात, ‘कायद्याप्रमाणे ४८ तासांत पैसे द्या.’ कायदा तसं म्हणत नाही. ४८ तास फक्त पोच देण्यासाठी आहेत. चुकीचा नियम सांगितला की समोरच्याला तेवढाच मुद्दा खोडून बाकीच्याला बगल देता येते. ग्राहक महिन्याच्या आतली तारीख मागू शकतो, पण ती त्याची मागणी आहे, कायद्याची मुदत नव्हे.

तयार झालेला ईमेल

आता निवडलेला माल क्रमाने मांडूया.

> विषय: ऑर्डर ४४१७-२०९६: चुकीचा मिक्सर आला, पिकअप दोनदा नाकारला, ३,४९९ रुपये परत मिळावेत
>
> प्रति,
> तक्रार निवारण अधिकारी
>
> नमस्कार,
>
> ३ मार्च रोजी मी ऑर्डर क्रमांक ४४१७-२०९६ ने ७५० वॅट आणि तीन भांड्यांचा मिक्सर मागवला. यूपीआयने ३,४९९ रुपये भरले. ७ मार्च रोजी आलेल्या पार्सलमध्ये ५०० वॅटचा मिक्सर आणि दोनच भांडी होती.
>
> त्यानंतर काय झालं:
> ८ मार्च: ॲपवर परताव्याची विनंती केली.
> १० आणि १३ मार्च: ‘वस्तू ऑर्डरशी जुळत नाही’ असं कारण देऊन पिकअप नाकारला गेला.
> ११ मार्च: पुन्हा पिकअप होईल, असं फोनवर सांगितलं गेलं.
> १४ मार्च: विनंती रद्द झाली आहे, नवीन टाका, असं सांगितलं गेलं. ॲपवर नवीन विनंती स्वीकारली गेली नाही.
> १७ मार्च: परताव्याची मुदत संपली, असं सांगितलं गेलं.
>
> वस्तू ऑर्डरशी जुळत नाही, हीच माझी तक्रार आहे. त्यामुळे ते कारण देऊन परतावा नाकारणं योग्य नाही. पार्सल पाठवताना नोंदवलेलं वजन आणि सोबतचे फोटो कृपया तपासावेत. परताव्याची विनंती मुदतीच्या दुसऱ्याच दिवशी केली होती, म्हणून मुदत संपल्याचं कारणही लागू होत नाही.
>
> माझी मागणी: चुकीचा मिक्सर आपल्या खर्चाने परत न्यावा आणि ३,४९९ रुपये मूळ यूपीआय खात्यात २८ मार्चपर्यंत जमा करावेत. मिक्सर १२ मार्चच्या घरगुती कार्यक्रमासाठी घेतला होता, त्यामुळे बदली वस्तू किंवा कूपन नको.
>
> जाहिरातीशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये नमूद आहे. २८ मार्चपर्यंत पैसे जमा न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार नोंदवेन.
>
> कृपया पोच आणि तक्रार क्रमांक कळवावा.
>
> सोबत: बिल, ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट, मिक्सरच्या वॅट लेबलचा फोटो, आलेल्या भांड्यांचा फोटो, पार्सलवरच्या कुरिअर लेबलचा फोटो, परतावा नाकारल्याचा स्क्रीनशॉट.
>
> (नाव, ऑर्डर केलेला मोबाईल क्रमांक)

मूळ मजकुरातला एकही खरा मुद्दा यातून गेलेला नाही. उलट पिकअपचा पेच, जो आधी एका वाक्यात बुडाला होता, तो आता मध्यभागी आला आहे. ‘वस्तू ऑर्डरशी जुळत नाही, हीच माझी तक्रार आहे’ हे या ईमेलमधलं सगळ्यात ठाम वाक्य आहे आणि त्यात एकही कडक शब्द नाही.

विषयाची ओळही पाहा. ‘फसवणूक!!!!’ वरून काहीच कळत नाही. नव्या ओळीत ऑर्डर क्रमांक, चूक आणि मागणी तिन्ही आहे. ईमेल न उघडताही तो कोणत्या विभागाकडे द्यायचा ते समजतं.

मागणी एकच आहे, हेही महत्त्वाचं. ‘पैसे द्या किंवा मिक्सर बदलून द्या किंवा काहीतरी करा’ असं लिहिलं की त्यातलं ‘काहीतरी’ निवडलं जातं आणि २०० रुपयांचं कूपन येतं. पैसे कुठे हवेत तेही लिहावं लागतं, नाहीतर ते ॲपच्या वॉलेटमध्ये जाऊ शकतात, आणि मग पुन्हा त्याच ॲपवर खरेदी करावी लागते.

सभ्य म्हणजे मवाळ नव्हे

राग आवरताना काही जण दुसऱ्या टोकाला जातात. मराठी अर्ज लिहायची शाळेपासूनची सवय असते, ती इथे आडवी येते: ‘आपणांस तसदी दिल्याबद्दल क्षमस्व. शक्य झाल्यास सदर बाबीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’

या वाक्यात तीन घोळ आहेत. ‘क्षमस्व’ म्हटलं की चूक लिहिणाऱ्याचीच वाटते. ‘शक्य झाल्यास’ म्हटलं की शक्य नाही म्हणायची मोकळीक मिळते. आणि ‘सहानुभूतीपूर्वक’ म्हटलं की हक्काच्या गोष्टीची याचना होते. पैसे भरून घेतलेल्या वस्तूबद्दल बोलताना यातलं काहीच लागत नाही.

सभ्यपणासाठी ‘नमस्कार’, ‘कृपया’ आणि ‘आपल्या खर्चाने’मधलं ‘आपल्या’ एवढं पुरतं. ठामपणा क्रियापदातून येतो. ‘जमा करावेत’ हे विनंतीच्या स्वरातलं असलं तरी स्पष्ट आहे. ‘जमा करता आले तर बरं होईल’ हे ढिलं आहे. ‘जमा करा नाहीतर बघाच’ हे रागाचं आहे. तिन्ही मोठ्याने वाचून पाहिली की फरक कानाला जाणवतो. एखाद्या सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर, मागे रांग उभी असताना जे वाक्य शांतपणे म्हणता येईल, ते ईमेलमध्ये चालेल.

कंपनीचा तक्रार विभाग दुसऱ्या राज्यात असेल आणि मराठी वाचणारं कोणी नसेल, अशी शंका असेल तर हाच ईमेल साध्या इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवता येतो. क्रम बदलायचा नाही: काय मागवलं, काय आलं, पुढे काय झालं, काय हवं, कधीपर्यंत.

फोटो आणि पुराव्याचं काय?

या प्रकरणात सगळ्यात कामाचा फोटो मिक्सरचा नाही, तर पार्सलवरच्या कुरिअर लेबलचा आहे. कारण वाद ‘मिक्सर कोणता आहे’ हा नाही, तर ‘हाच मिक्सर त्या डब्यातून आला का’ हा आहे. लेबलसकट डबा आणि त्यातली वस्तू एकाच फोटोत असेल तर उत्तम. ८ मार्चला, म्हणजे पार्सल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी केलेली विनंतीही ग्राहकाच्या बाजूने बोलते. वस्तू वापरून मग बदलून देणारा माणूस सहसा इतकी घाई करत नाही.

डबा उघडतानाचा व्हिडिओ असेल तर जोडा. नसेल तर नाही. काही कंपन्या तो मागतात, पण तो नाही म्हणून तक्रारच होऊ शकत नाही, असं ई-कॉमर्स नियमांत कुठेही म्हटलेलं नाही. मात्र नंतर पुन्हा डबा बंद करून ‘उघडतानाचा’ म्हणून व्हिडिओ काढू नका. ते उघड झालं तर खरी तक्रारही खोटी ठरते.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. तक्रार मिटेपर्यंत तो मिक्सर वापरू नका, आणि डबा, थर्माकोल, लेबल यातलं काहीही रद्दीत देऊ नका. ‘वस्तू वापरलेली आहे’ हे नकाराचं नवं कारण होऊ शकतं.

उत्तर आलं, पण तेच जुनं

पहिल्या ईमेलला अनेकदा ठरावीक साच्यातलं उत्तर येतं: ‘आपली परताव्याची मुदत १४ मार्च रोजी संपली आहे. सद्भावना म्हणून ३०० रुपयांचं कूपन देत आहोत.’ राग पुन्हा उसळतो तो इथेच. नवीन लांबलचक ईमेल लिहू नका. त्याच ईमेलला उत्तर द्या, म्हणजे आधीचा सगळा मजकूर खाली राहील:

> परताव्याची विनंती ८ मार्च रोजी, मुदतीच्या आत केली होती. स्क्रीनशॉट पुन्हा जोडत आहे. कूपन मला मान्य नाही. माझी मागणी तीच आहे: ३,४९९ रुपये मूळ खात्यात, २८ मार्चपर्यंत.

चार छोटी वाक्यं पुरतात. कूपन नको असेल तर ते लेखी नाकारा आणि वापरू नका. ते वापरलं तर ग्राहकाने तोडगा स्वीकारला, असा दावा होऊ शकतो. फोनवर काही आश्वासन मिळालं तर फोन ठेवल्यावर त्याच ईमेलमध्ये एक ओळ टाका: ‘आज दुपारी फोनवर तीन दिवसांत पिकअप होईल असं सांगितलं गेलं, त्याची ही नोंद.’ फोनवरचं बोलणं हवेत विरतं, ही ओळ राहते.

सोशल मीडियावर टाकायचं का?

टाकता येतं, आणि काही वेळा त्याने हालचालही होते. पण क्रम महत्त्वाचा. आधी ईमेल, मग दिलेली तारीख उलटल्यावर पोस्ट. पोस्टमध्येही तेवढंच लिहा जे ईमेलमध्ये आहे: काय मागवलं, काय आलं, किती दिवस झाले. ‘चोर कंपनी’ असं जाहीर लिहिलं तर ते सिद्ध करायची वेळ लिहिणाऱ्यावर येऊ शकते. कर्मचाऱ्याचं नाव किंवा पिकअपला आलेल्या मुलाचा फोटो टाकू नका. त्याने त्याच्या मोबाईलवर दिसलं तेवढंच केलं होतं.

स्वतःची माहितीही झाका. ऑर्डर क्रमांक, मोबाईल नंबर आणि पत्ता दिसणारा स्क्रीनशॉट टाकला की त्याच कंपनीच्या नावाने भामट्यांचे फोन येऊ शकतात: ‘तुमचे पैसे परत करतोय, ओटीपी सांगा.’ पैसे परत मिळवण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही.

तारीख उलटली तर?

ईमेलमध्ये जे लिहिलं तेच करायचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि consumerhelpline.gov.in या वेबसाइटवरही तक्रार नोंदवता येते. फोनवर मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि तोडगा काढायचा प्रयत्न करते, पण पैसे द्यायचा आदेश देऊ शकत नाही.

तो अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी नाशिकच्या ग्राहकाला दिल्लीला जावं लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावणं सक्तीचं नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. समोर खरा विक्रेता असेल तरच हा ईमेल काम करतो. वेबसाइटच बनावट असेल, बिल नाही, पत्ता नाही आणि पैसे भरल्यावर सगळं गायब झालं असेल, तर तो सायबर फसवणुकीचा प्रकार आहे. तिथे ईमेल लिहीत बसण्यात वेळ घालवू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. तिथे पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

मिक्सरच्या प्रकरणात मात्र ईमेलच सगळ्याचा पाया ठरतो. हेल्पलाइनवर तोच जोडला जातो, आयोगातही तोच पुरावा म्हणून जातो. दोन-चार महिन्यांनी एखादा तिऱ्हाईत माणूस तो वाचेल, तेव्हा त्याला त्या रात्रीचा राग दिसणार नाही. त्याला दिसेल ती ८ मार्चची विनंती, १० आणि १३ मार्चचा नकार आणि कंपनीने दिलेलं किंवा न दिलेलं उत्तर.